ड्रोनमधून घेतल्यासारखे चित्र खेळण्यासारखे का दिसते? प्लॉटच्या ब्रोशरसाठी तपासणीचा क्रम

मी दादरला जाहिरातींच्या आराखड्याचे काम करतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या ब्रोशरांपैकी बरीचशी अलिबाग, मुरूड आणि कर्जत या बाजूच्या शेतजमिनींची किंवा समुद्राजवळच्या छोट्या रिसॉर्टची असतात, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक कामात एकच दोष मला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला आहे. मजकूर लिहून चित्र तयार करणाऱ्या साधनाकडून ‘ड्रोन व्ह्यू’ मागवला की चित्र देखणे येते, पण ते जमिनीचे वाटत नाही. प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवलेल्या मॉडेलचा फोटो काढल्यासारखे ते दिसते. ग्राहकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. तो एवढेच म्हणतो, “छान आहे हो, पण खरे वाटत नाही.”

लक्षणे

पुढे दिलेल्यांपैकी दोन लक्षणे एका चित्रात आढळली, तर दोष हाच आहे असे समजावे. चित्राची वरची आणि खालची कड धूसर असते आणि मधला पट्टाच स्पष्ट दिसतो. माडाचा एक शेंडा अख्ख्या घराएवढा असतो, किंवा अंगणातली गाडी घराच्या दारातून आत जाईल एवढी लहान असते. कॅमेरा जवळजवळ सरळ खाली पाहत असूनही वरच्या कडेला क्षितिज आणि ढग दिसतात. झाडांच्या सावल्या एकीकडे आणि घराची सावली दुसरीकडे पडलेली असते, किंवा सूर्य समोर समुद्रावर असूनही सावल्या समुद्राकडेच जातात. हे शेवटचे लक्षण ग्राहकाच्या नजरेत येत नाही, पण चित्र खोटे वाटण्यामागे अनेकदा तेच असते.

पहिली तपासणी: प्रॉम्प्टमधील विशेषणे

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि वेळ दोन मिनिटांचा लागतो, म्हणून ती आधी करावी. एका कामात आमच्याकडे आलेला मूळ प्रॉम्प्ट असा होता:

```
Aerial drone view of luxury beach farmland plot,
golden hour, cinematic bokeh, miniature details,
turquoise sea, lush green, 8k
```

या ओळींतला दोष `bokeh` म्हणजे धूसर पार्श्वभूमी आणि `miniature` म्हणजे छोटी प्रतिकृती, या दोन शब्दांत आहे. ड्रोनमधील कॅमेऱ्याची भिंग रुंद कोनाची असते आणि सेन्सर लहान असतो. त्यामुळे साठ मीटर उंचीवरून घेतलेल्या फोटोत जवळचे कुंपण आणि दूरची वाळू दोन्ही सारखीच स्पष्ट येतात. कडा धूसर होतात त्या टेबलावरच्या लहान वस्तूचा फोटो अगदी जवळून घेतल्यावर. आपल्या डोळ्याला ही सवय पक्की असल्यामुळे कडा धूसर दिसताच समोरची वस्तू लहान आहे असा निष्कर्ष मन काढते, मग झाडे कितीही सुबक असोत. म्हणून `bokeh`, `miniature`, `diorama`, `isometric`, `tilt-shift` आणि `macro` हे सगळे शब्द काढावेत आणि त्यांच्या जागी सगळे चित्र स्पष्ट हवे, असे साध्या शब्दांत लिहावे.

रंगांचे शब्दही याच वेळी तपासावेत. निळाहिरवा पारदर्शक समुद्र आणि पांढरी वाळू अलिबागच्या किनाऱ्याला नाही. तेथे वाळू करडी-तपकिरी आहे आणि पाणी गढूळ हिरवट दिसते. मांडव्याची रो-रो पकडून प्लॉट पाहायला येणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो आणि त्यानंतर त्याचा ब्रोशरमधल्या बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

दुसरी तपासणी: फूटपट्टी आणि चारचाकी

चित्र A4 कागदावर आडवे, पूर्ण रुंदीत छापावे आणि साधी फूटपट्टी घ्यावी. यात खर्च एका प्रिंटचा आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दोष याच तपासणीत सापडतात.

यामागचा हिशेब सोपा आहे. नेहमीच्या ड्रोनची मुख्य भिंग फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या साधारण 24 मिलिमीटरच्या तोडीची असते. ती सरळ खाली रोखली तर चित्राच्या रुंदीत उंचीच्या सुमारे 1.4 पट जमीन मावते, म्हणजे 60 मीटरवरून सुमारे 85 मीटर जमीन दिसते. एक एकर जमीन चौरस असेल तर तिची बाजू जवळजवळ 64 मीटर भरते, म्हणून अख्खा एकर एका फोटोत नीट घेण्यासाठी 60 मीटर ही उंची मला सोयीची वाटते. आपल्याकडची छोटी हॅचबॅक गाडी चार मीटरच्या आत असते. अशी गाडी 85 मीटरच्या चित्रात रुंदीच्या सुमारे एकविसाव्या भागाएवढी दिसली पाहिजे, म्हणजे A4 कागदावर साधारण 1.4 सेंटीमीटर. ती तीन सेंटीमीटर भरली तर त्या गाडीच्या हिशेबाने कॅमेरा तीस मीटरपेक्षाही खाली आहे, आणि मग प्लॉटचा अर्ध्याहूनही कमी भाग चित्रात मावायला हवा. तरीही अख्खा प्लॉट दिसत असेल, तर प्लॉट किंवा गाडी यांपैकी एकाचे माप चुकले आहे.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर एक घरगुती पडताळणी करता येते. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर विसावा मजला साठ मीटरवर येतो. परळ किंवा भांडुपकडच्या एखाद्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर कोणी ओळखीचे राहत असेल, तर त्यांच्या गॅलरीतून खालच्या पार्किंगकडे पाच मिनिटे पाहावे. गाड्यांची टपे दिसतात, पण माणसांचे चेहरे दिसत नाहीत. डोके, खांदे आणि जमिनीवर पडलेली सावली एवढेच दिसते. चित्रातल्या माणसाच्या शर्टाची बटणे मोजता येत असतील, तर ते चित्र साठ मीटरवरचे नाही.

दुरुस्ती करताना प्रॉम्प्टमध्ये `60 m` लिहून थांबू नये. ही साधने भूमिती सोडवत नाहीत. त्यांनी पाहिलेल्या चित्रांतल्या वस्तूंची एकमेकांशी असलेली मापे ती जुळवतात, त्यामुळे मीटरपेक्षा तुलना जास्त उपयोगी पडते. वाढलेल्या माडाच्या झावळ्यांचा पसारा साधारण आठ मीटर धरावा. मग गाडी माडाच्या पसाऱ्याच्या निम्मी आणि बारा मीटर रुंदीचे कौलारू घर दीड पसाऱ्याएवढे, असे लिहिता येते. झाडांच्या संख्येचाही आधार घ्यावा. माडांची लागवड साधारण 7.5 मीटर अंतरावर होते, म्हणून एका एकरात सत्तरच्या आसपास माड बसतात आणि घर, विहीर व गाडीवाट सोडली तर साठेक उरतात. साधनाला साठ सांगितल्याने साठ मिळत नाहीत, कधी चाळीस येतात तर कधी शंभर. पण एका एकरात बारा अवाढव्य माड दिसण्याचा प्रकार मात्र थांबतो.

तिसरी तपासणी: कोन आणि क्षितिज

येथे ग्राहकाची हौस आणि भूमिती यांची गाठ पडते. प्रत्येक मालकाला प्लॉट पूर्ण हवा असतो, त्याच्या हद्दी ठळक हव्या असतात आणि त्याच चित्रात अर्धी चौकट भरून समुद्रही हवा असतो.

24 मिलिमीटरच्या भिंगेला 4:3 चित्रात उभ्या दिशेने जवळजवळ 57 अंश दिसतात, म्हणजे मध्यापासून वर सुमारे 28 अंश. म्हणून कॅमेरा क्षितिजाच्या पातळीपासून 28 अंशांपेक्षा जास्त खाली झुकवला की क्षितिज चौकटीबाहेर जाते. चित्र 16:9 मध्ये कापले तर ही मर्यादा 22 अंशांवर येते. जमीन नकाशासारखी सपाट दिसते आणि तरीही वर आभाळ आहे, असे चित्र कोणताही सामान्य ड्रोन एका फोटोत घेऊ शकत नाही. पाहणाऱ्याला हा नियम माहीत नसतो, पण असे फोटो त्याने शेकड्यांनी पाहिलेले असतात आणि त्यामुळे विसंगती त्याला जाणवतेच.

म्हणून प्रॉम्प्ट लिहिण्याआधी दोनपैकी एक निवड करावी. हद्दी आणि आतली मांडणी दाखवायची असेल तर कॅमेरा 60 अंश किंवा त्याहून जास्त खाली झुकवावा, आणि आभाळ व क्षितिज नको असे स्पष्ट लिहावे. समुद्र दाखवायचा असेल तर झुकाव सुमारे 20 अंश ठेवावा, आणि मग प्लॉट लांबच्या बाजूला निमुळता होणार हे मान्य करावे. दोन्ही हवे असेल तर ब्रोशरमध्ये दोन चित्रे द्यावीत. हे पटवून देण्यासाठी मला एका मालकाशी तासभर बोलावे लागले होते. शेवटी त्यांना पटले ते विसाव्या मजल्याच्या गॅलरीतच, कारण खाली पार्किंगकडे पाहताना समुद्र दिसत नाही आणि समुद्राकडे पाहताना पार्किंग दिसत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

आता त्याच कामाचा हिशेब पाहू. एक एकराची माडाची वाडी आहे आणि तिच्या समुद्राकडच्या हद्दीपासून वाळू 300 मीटरवर आहे. ड्रोन 60 मीटर उंचीवर, वाडीच्या मागे सुमारे 55 मीटरवर आहे, तोंड पश्चिमेला आहे आणि झुकाव 20 अंशांचा आहे. अशा वेळी वाडी चित्राच्या खालच्या बाजूचा चाळीस टक्क्यांच्या जवळपास भाग व्यापते. तिची जवळची बाजू चौकटीच्या रुंदीच्या साठ टक्क्यांच्या थोडी वर भरते आणि दूरची बाजू त्याच्या जवळजवळ निम्मी दिसते. समुद्राला चौकटीच्या उंचीचा साधारण सातवा हिस्सा मिळतो आणि आभाळाला सहावा, म्हणजे समुद्र आभाळाच्या पट्टीपेक्षा थोडा कमीच दिसतो. साधनाने दिलेल्या पहिल्या चित्रात समुद्राने अर्धी चौकट व्यापली होती. ते खरे मानायचे तर वाळू वाडीच्या कुंपणाला टेकलेली असायला हवी होती. मोजणी नकाशा काही वेगळेच सांगत होता.

चौथी तपासणी: सूर्य कोठे आहे

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य जमिनीच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो, त्यामुळे येथील समुद्रावर सूर्योदय दाखवणारे चित्र मुळातच चुकते. `golden hour` हा शब्द दोन्ही वेळांना लागू पडतो आणि साधन त्यातली कोणतीही वेळ निवडते. संध्याकाळ हवी असेल आणि कॅमेरा पश्चिमेला असेल, तर सूर्य समोर येतो, झाडे काळपट दिसतात आणि सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने, म्हणजे चित्रात खाली पडतात. जमीन उजळ आणि तपशिलासह दाखवायची असेल तर सकाळच घ्यावी, कारण तेव्हा सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असतो.

आमच्या वाडीसाठी आम्ही डिसेंबरमधली पावणेदहाची वेळ घेतली. त्या वेळी या भागात सूर्य आग्नेयेला सुमारे 30 अंशांवर असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या 1.7 पट लांब पडते. बारा मीटर उंच माडाची सावली वीस मीटर, म्हणजे अडीच पसाऱ्यांएवढी झाली. दिशा लिहिताना मात्र आग्नेय आणि वायव्य असे लिहून फारसा उपयोग होत नाही, कारण साधनाला चौकटीत उत्तर कोठे आहे ते माहीत नसते. कॅमेरा पश्चिमेला असताना उत्तर उजवीकडे येते, म्हणून सावल्या वर आणि उजवीकडे पडतात. प्रॉम्प्टमध्ये तेच आणि तसेच लिहावे. मग तयार चित्रावर पेन्सिलीने चार-पाच सावल्यांच्या रेषा ओढून पाहाव्यात. सूर्य मागे आणि थोडा डावीकडे असेल तर या रेषा थोड्याफार एकाच दिशेने जातात. एखादी रेषा उलटी गेली तर तेवढाच भाग निवडून पुन्हा तयार करावा, संपूर्ण चित्र बदलू नये.

प्रकाशाशी ऋतूचाही संबंध आहे. हिरवेगार गवत आणि लांब सोनेरी सावल्या हे दोन्ही एकत्र मागितले जाते, पण कोकणात गवत हिरवेगार असते तेव्हा आभाळ बहुधा ढगाळ असते आणि सावल्या पुसट पडतात. स्वच्छ ऊन पडू लागते तोपर्यंत भात कापून झालेले असते आणि माळ पिवळा पडू लागतो. ऑक्टोबरचे काही दिवस सोडले तर दोन्ही एकत्र फारसे मिळत नाही. त्यामुळे डिसेंबर लिहिला तर माड हिरवे आणि भोवतालची शेते पिवळट असे लिहावे.

चारही तपासण्यांनंतर प्रॉम्प्ट असा झाला:

```
Drone photo, 24mm lens, about 60 m high, tilted slightly down.
Horizon in the top sixth, thin strip of sea below it.
Coconut grove in front, one tiled-roof cottage as wide as
one and a half palm crowns, one white hatchback half as
long as a palm crown. Clear December morning, sun behind
camera on the left, shadows falling up and to the right.
Straw-coloured fields, grey-brown sand, all in sharp focus.
```

पहिल्याच वेळी सगळे बरोबर येत नाही. सीड, म्हणजे साधन ज्या आकड्यापासून चित्र सुरू करते तो आकडा, तोच ठेवून एका वेळी एकच ओळ बदलावी, नाहीतर कोणत्या बदलाने काय सुधारले ते कळत नाही. या कामात मला नऊ चित्रे तयार करावी लागली, आणि त्यांतली चार केवळ गाडीच्या मापापायी.

पाचवी तपासणी: ठोकळ्यांचा आराखडा

वरचे सर्व करूनही माप जुळत नसेल तर शब्दांचा मार्ग सोडावा आणि साधनाला आधारासाठी चित्र द्यावे. यात अर्धा दिवस जातो. Blender हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 64 मीटर बाजूचा चौकोन, घराच्या जागी ठोकळा, गाडीच्या जागी चार मीटरचा ठोकळा आणि माडांच्या जागी काठीवर चकत्या ठेवाव्यात. कॅमेरा 60 मीटर उंचीवर, 24 मिलिमीटरवर ठेवावा. Blender मध्ये कॅमेऱ्याचा X कोन शून्य असताना तो सरळ खाली पाहतो आणि 90 असताना क्षितिजाकडे, म्हणून 20 अंश झुकावासाठी तेथे 70 लिहावे. असा कुरूप करडा आराखडा आधार म्हणून दिला आणि त्यात बदल करण्याचे प्रमाण कमी ठेवले, तर साधन रंग आणि पोत भरते आणि माप मात्र आराखड्याचेच राहते. बदलाचे प्रमाण वाढवले की माड पुन्हा फुगू लागतात. ते कोठे फुगतात हे पाहून थोडे मागे यावे.

येथे थांबावे

वातावरण दाखवणारे चित्र आणि विकायची जमीन दाखवणारे चित्र यांत फरक आहे. चित्रावर गट नंबर, प्लॉटच्या रेषा, येण्याचा रस्ता किंवा समुद्रापर्यंतचे अंतर लिहायचे असेल तर ते चित्र प्रॉम्प्टमधून तयार करू नये, मग ते कितीही हुबेहूब येवो. रेरा कायदा 2016 च्या कलम 12 नुसार जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. प्लॉटिंगचा प्रकल्प महारेराच्या कक्षेत येत असेल तर ब्रोशरचा अंतिम मजकूर आणि चित्रे वकिलाला दाखवूनच छापावीत. तयार केलेल्या चित्राखाली ‘कल्पनाचित्र, प्रत्यक्ष जागेचे छायाचित्र नाही’ हे वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावे. कोपऱ्यात मुंगीच्या पावलांएवढे नको.

प्रत्यक्ष जागेचा फोटो हवा असेल तर परवानाधारक रिमोट पायलट बोलवावा. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहून त्या जागेवर उडवता येते का, हे तो आधी सांगतो. त्या नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा 400 फूट, म्हणजे 120 मीटर आहे. स्वतःचा छोटा ड्रोन घेऊन व्यावसायिक कामासाठी परस्पर उडवण्याचा मोह टाळावा. हद्दींबाबत शंका असेल तर काम भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचे आहे. किनाऱ्याजवळ बांधकाम दाखवायचे असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची मर्यादा जाणणाऱ्या वास्तुविशारदाला विचारल्याशिवाय चित्रात एकही छप्पर वाळूकडे सरकवू नये.

अलिबागच्या त्या वाडीच्या ब्रोशरात शेवटी तीन चित्रे गेली. मुखपृष्ठावर सकाळच्या उन्हातले कल्पनाचित्र होते. आत पायलटने 60 मीटरवरून सरळ खाली घेतलेला फोटो होता आणि त्याच्या शेजारी मोजणी नकाशा. मालकांनी छपाईपूर्वी फूटपट्टी मागून घेतली आणि खऱ्या फोटोतली स्वतःची गाडी मोजली. ती 1.4 सेंटीमीटर भरली.